किल्ली, पैसा आणि सही

सरकारी सवलत नसेल तर बंद फ्लॅटचं वीजबिल शून्य येत नाही. बेंगळुरूत बेसकॉमच्या घरगुती बिलाचा एक भाग मंजूर भारावर आकारला जातो. २०२५-२६ च्या दराप्रमाणे दर किलोवॉटला महिन्याला १४५ रुपये स्थिर आकार होता. त्यामुळे पाच किलोवॉट भार असलेल्या फ्लॅटला कुणी पंख्याचं बटणही न लावता सव्वासातशे रुपये द्यावेच लागत. त्याखाली वापरलेल्या युनिटचा आकडा छापलेला असतो, आणि परदेशी राहणाऱ्या मालकाने आधी पाहावा तो हाच. फ्रिज, वायफाय, दिवे सगळं बंद असलेल्या घरात महिन्याला चार-पाच युनिटपेक्षा जास्त वीज जायला नको. ती अचानक साठ युनिट दिसली, तर घरात कुणीतरी राहून गेलं आहे, किंवा साफसफाईला आलेल्या माणसाने गीझर चालू ठेवून दार ओढून घेतलं आहे. सिॲटलमध्ये किंवा स्टुटगार्टमध्ये बसलेल्या माणसाला इतकी स्वस्त आणि इतकी खरी बातमी दुसरीकडून मिळत नाही.

व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड, बेलंदूर, हेब्बाळ, इलेक्ट्रॉनिक सिटी या पट्ट्यांतल्या मोठ्या संकुलांमध्ये परदेशी गेलेल्यांचे फ्लॅट प्रत्येक मजल्यावर सापडतात. त्यांत मराठी मालकही आहेत. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, पुण्याकडून नोकरीसाठी बेंगळुरूला आले, कर्ज काढून दोन किंवा तीन बेडरूमचं घर घेतलं, आणि पुढे कंपनीने अमेरिकेला, जर्मनीला किंवा सिंगापूरला पाठवलं. घर विकवत नाही, कारण परत यायचं मनात असतं. आई-वडील गावी असतात. बेळगावचे वडील राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी उतरतात, दोन दिवस फ्लॅट उघडून झाडझूड करतात आणि परततात. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत सुरू झाल्याने हा फेरा सोपा झाला आहे. पण सत्तरी गाठलेल्या माणसाच्या गुडघ्यांवर कुणाच्या घराची व्यवस्था कायमची सोपवता येत नाही.

मग उरतात दोन वाटा. एक, संकुलातलाच कुणी माणूस: निवृत्त शेजारी, असोसिएशनच्या कार्यालयातला मॅनेजर किंवा ज्याच्यामार्फत घर भाड्याने गेलं तो दलाल. दुसरी, हेच काम धंदा म्हणून करणारी कंपनी. बेंगळुरूने या धंद्याचे मोठे प्रयोग पाहिले आहेत. २०१५ मध्ये इथेच सुरू झालेल्या नेस्टअवेने मालकाकडून घर घ्यायचं, भाडेकरू आणायचा, भाडं स्वतः गोळा करून मालकाला पाठवायचं, असा नमुना देशभर नेला. त्यामागे मोठं गुंतवणूक भांडवल होतं. तीच कंपनी २०२३ मध्ये मुंबईच्या ऑरम प्रॉपटेकने सुमारे ९० कोटींना घेतली. एवढ्या भांडवलाच्या कंपनीचीही मालकी आठ वर्षांत बदलते, तर मालकाने आपलं भाडं आणि भाडेकरूची अनामत तिसऱ्याच्या खात्यातून का फिरवावी, हा प्रश्न रास्त आहे. या लेखातलं मुख्य म्हणणं त्यातूनच निघतं. घराची किल्ली, घराचा पैसा आणि घरावरची सही या तीन गोष्टी एका हातात देऊ नयेत. किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे पैसा नको. सही तर दोघांकडेही नको, आणि द्यावी लागलीच तर नेमक्या कामापुरती.

आधी किल्लीचं काम पाहू. लोक त्याला ‘क्लीनिंग व्हिजिट’ म्हणतात, पण त्यातला झाडू-पोछा सर्वांत कमी महत्त्वाचा. धूळ सहा महिने साचली तरी एका दिवसात निघते. नुकसान होतं ते पाण्यामुळे, कधी ते नसल्यामुळे आणि कधी नको तिथे असल्यामुळे.

पाणी नसल्याचं उदाहरण म्हणजे नहाणी ट्रॅप. बाथरूमच्या जाळीखाली वाकडा भाग असतो आणि त्यात साधारण दोन इंच पाणी थांबून राहतं. हे पाणी म्हणजे गटाराच्या वाऱ्याला लावलेलं झाकण. बेंगळुरूच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत, खिडक्या बंद असलेल्या घरात, ते काही आठवड्यांत आटतं. मग सांडपाण्याचा वास वर येतो, झुरळं येतात, आणि मालक सुट्टीत आल्यावर घरात ‘काहीतरी मेलंय’ म्हणून कपाटं धुंडाळत बसतो. उपाय साधा आहे. दर भेटीत प्रत्येक बाथरूमची जाळी, बेसिन, स्वयंपाकघरातलं सिंक आणि युटिलिटीतली मोरी यांत प्रत्येकी एक-दोन तांबे पाणी ओतायचं. लांब बंद ठेवायचं असेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडायचं, म्हणजे पाणी हळू आटतं. कमोडलाही हेच लागू. फ्लश केला नाही तर त्यातलंही पाणी उतरतं.

पाणी नको तिथे असण्याचं उदाहरण जास्त महाग पडतं. बेंगळुरूच्या बऱ्याच संकुलांत कावेरीचं पाणी, बोअरचं पाणी आणि टँकर असं मिश्रण चालतं. बोअरचं पाणी जड असतं. त्याचे पांढरे थर नळांच्या जाळीत, गीझरच्या कॉइलवर आणि अँगल कॉकच्या आत बसतात. वर्षभर न फिरवलेला अँगल कॉक गरजेच्या वेळी फिरत नाही, किंवा जोर लावला की तुटतो. फ्लशच्या टाकीतलं रबर कडक होऊन सतत बारीक धार वाहू लागते. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरात पाण्याची टंचाई झाली, तेव्हा जिल्हा प्रशासनाने टँकरचे कमाल दर ठरवून दिले, आणि पाणी जपून वापरण्याचा तगादा घरोघरी पोचला. अशा वेळी बंद घरातून वाहणारी धार मालकाच्या बिलाला लागतेच, शिवाय खालच्या मजल्यावरच्या छतावर ओल उमटते. म्हणून भेट संपवताना फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करणं हे कुलूप लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे. बहुतेक संकुलांत हा कॉक फ्लॅटबाहेरच्या डक्टमध्ये असतो. एका फ्लॅटला अनेकदा दोन-तीन वेगळ्या पाइपांतून पाणी येतं. कोणता कॉक कशाचा, हे मालकाने जाण्याआधी खडूने किंवा पट्टीने लिहून ठेवायला हवं.

तिसरी गोष्ट बुरशी. बेंगळुरूत पावसाचा जोर मुंबई-कोकणासारखा जून-जुलैत नसतो. शहराला सर्वांत जास्त पाऊस साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मिळतो, आणि ईशान्य मान्सूनमुळे कधी नोव्हेंबरही ओला जातो. मालकांना पावसाआधीची आणि पावसानंतरची अशा दोन भेटी पुरेशा वाटतात, पण खरी गरज मधल्या महिन्यांत असते. पश्चिमेच्या भिंती, शाफ्टला लागून असलेली बेडरूम, वर टेरेस असलेला शेवटचा मजला, या जागा सप्टेंबरमध्ये हाताने चाचपून पाहाव्या लागतात. कपाटाची दारं बोटभर उघडी ठेवावीत. गाद्या भिंतीपासून दूर, उभ्या टेकवाव्यात. फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करून दार फटीइतकं उघडं ठेवावं. कपाटाच्या मागे पायापाशी तपकिरी मातीची रेघ दिसली तर ती वाळवी, आणि ती दिसल्यानंतरचा प्रत्येक महिना लाकडाला महाग जातो.

तळघरातली गाडी ही बेंगळुरूची खास अडचण. सप्टेंबर २०२२ च्या पुरात बेलंदूर, यमलूर, सर्जापूर रोडच्या बाजूला तळघरांत पाणी शिरलं. गाडीची किल्ली लंडनमध्ये असेल तर ती वर कोण आणणार? परदेशी मालकाने गाडी ठेवायचीच ठरवली असेल तर तिची एक किल्ली घराच्या किल्लीबरोबर द्यावी. भेटीत ती सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालवावी किंवा बॅटरीचं कनेक्शन काढून ठेवावं, आणि जोराच्या पावसाच्या इशाऱ्यावर ती वर आणण्याची जबाबदारी कुणाची, हे आधीच बोलून ठेवावं.

आता भेट खरंच झाली की नाही, हे कसं ओळखायचं? फोटो आले म्हणजे भेट झाली असं नसतं. मागच्या महिन्याचे फोटो पुन्हा पाठवता येतात. त्यापेक्षा एक सलग, न कापलेली व्हिडिओ फेरी मागावी. ती दारापासून सुरू व्हावी, प्रत्येक खोलीतून जाऊन शेवटी तळघरातल्या मीटरवर थांबावी, आणि मीटरचा आकडा वाचता यावा. हा आकडा पुढच्या बिलाशी जुळतो का, हे मालकाला घरबसल्या पाहता येतं. मायगेटसारखं गेटचं ॲप असलेल्या संकुलात आणखी एक पुरावा आपोआप तयार होतो: कोण, किती वाजता आत आला आणि बाहेर पडला. ॲपमध्ये मालकाचा नंबर परदेशी असेल किंवा खातं बंद पडलं असेल तर गेटवरची नोंद त्याच्यापर्यंत पोचत नाही. जाण्याआधी हे तपासून घ्यावं.

बिलांच्या बाबतीत नियम एकच. काळजीवाहकाने बिल पाहावं, ते बरोबर आहे का सांगावं, पण भरू नये. भरायचं ते मालकाने, स्वतःच्या एनआरओ खात्यातून. वीज, पाइप गॅस, इंटरनेट आणि मेंटेनन्स यांची ऑनलाइन सोय आहे, आणि बेसकॉमचा खाते क्रमांक मिळाला की बिल जगात कुठूनही पाहता येतं. अडचण येते ती ओटीपीची. भारतीय मोबाइल नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडतो, बँकेचा ओटीपी येत नाही, आणि मग ‘तुम्हीच भरा, मी नंतर देतो’ असं सुरू होतं. वर्षभरात काय दिलं आणि काय घेतलं याचा ताळमेळ तिथेच सुटतो. आंतरराष्ट्रीय रोमिंगवर तो नंबर जिवंत ठेवण्याचा खर्च वर्षाला काही हजारांचा असतो, आणि तो वाचवण्यासारखा नाही.

वीजबिलातली एक नवी गुंतागुंत म्हणजे गृहज्योती. २०२३ पासून कर्नाटकात घरगुती ग्राहकाला मागच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, २०० युनिटच्या मर्यादेत, मोफत वीज मिळते. भाडेकरूही भाडेकराराच्या आधारे स्वतःच्या आधार क्रमांकावर नाव नोंदवू शकतो. तो घर सोडताना ती जोडणी काढून घ्यायला विसरला, तर पुढच्या भाडेकरूची नोंदणी अडते. ही जोडणी काढण्याची ऑनलाइन सोय झालेली आहे. घर सोडण्याच्या दिवशी चाव्या, मीटरचा आकडा आणि ही नोंद या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर घेतल्या की पुढची धावपळ वाचते.

घरपट्टीची वेळ वर्षातून एकदा येते, आणि ती चुकली तर दंड-व्याजासकट येते. आर्थिक वर्षाची पट्टी एप्रिलमध्ये एकरकमी भरली की पाच टक्के सूट मिळते. पट्टी स्वयंघोषणेवर चालते, आणि तिथेच परदेशी मालक फसतात. मालक राहतो त्या घराचा दर आणि भाड्याने दिलेल्या घराचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. भाडेकरू आला, पण अर्जात ‘स्वतः राहतो’ तसंच राहिलं, तर ती चूक मालकाच्या नावावर चढते, काळजीवाहकाच्या नाही. सप्टेंबर २०२५ पासून जुन्या बीबीएमपीच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका आल्या आहेत, त्यामुळे आपलं घर कुणाकडे गेलं हेही एकदा पाहून ठेवावं. ई-खाता काढला नसेल तर तोही काढून घ्यावा. ऑक्टोबर २०२४ पासून शहरातल्या घराच्या विक्रीची नोंदणी त्याशिवाय होत नाही, आणि त्याला लागणारी कागदपत्रं परदेशातून गोळा करायला आठवडे जातात.

मेंटेनन्सबद्दल एवढंच. असोसिएशनची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर आणि फ्लॅटचा मासिक आकार साडेसात हजारांवर गेला की अठरा टक्के जीएसटी लागतो. मोठ्या फ्लॅटच्या मालकाला वाढलेलं बिल पाहून फसवल्यासारखं वाटतं, पण त्यात काळजीवाहकाचा हात नसतो.

भाडेकरू आला की कामाचं स्वरूप बदलतं. स्वच्छतेच्या भेटी थांबतात आणि तपासणी सुरू होते. घर देण्याआधीची तपासणी बहुतेकजण ओळखपत्र आणि कंपनीच्या पत्रावर संपवतात. त्यापेक्षा उपयोगी म्हणजे मागच्या घरमालकाला केलेला एक फोन: भाडं वेळेवर देत होता का, अनामत किती कापली, आणि का कापली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना घरमालक मनातलं बोलतो. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलिस ठाण्याला आणि असोसिएशनला द्यायची असते. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती एफआरआरओला कळवणं घर देणाऱ्याचं काम आहे. परदेशात बसलेल्या मालकासाठी ते काळजीवाहकाने करायचं, पण जबाबदारी मालकाचीच.

बेंगळुरूत अनामतीला सगळे ‘ॲडव्हान्स’ म्हणतात, आणि दहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स म्हणून घेण्याची इथली जुनी रीत. हल्ली अनेक ठिकाणी ती पाच-सहा महिन्यांवर किंवा त्याहून कमी आली आहे. तरीही रक्कम मोठीच. भाडेकरूच्या बाजूनेही इथे पाहायला हवं. मालक दुसऱ्या खंडात, पैसे कुणाकडे तरी, आणि घर सोडताना ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे उत्तर. ॲडव्हान्स थेट मालकाच्या एनआरओ खात्यात गेला आणि करारात परतीची मुदत लिहिली, तर भाडेकरूलाही निश्चिंत वाटतं. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापायची इथली प्रथा आहे. दोन वर्षं राहिलेल्या नीटनेटक्या कुटुंबाकडून आणि सहा महिन्यांत निघालेल्या मुलांकडून सारखाच एक महिना कापणं अन्यायाचं. खरा रंगकामाचा खर्च बिलासह लावला तर भांडण होत नाही.

घर देताना भिंती, टाइल्स, कपाटांची बिजागरं आणि नळ यांचा व्हिडिओ दोघांसमोर काढावा आणि दोघांना पाठवावा. नंतरची तपासणी तीन महिन्यांतून एकदा, आधी कळवून. त्यात बघायचं काय? चपलांच्या जोडांची संख्या, बाल्कनीत वाळणारे कपडे, हॉलमधल्या गाद्या. दोघांच्या नावावरच्या घरात सहा जण राहत असतील तर ते लपत नाही. घर पोटभाड्याने गेलं किंवा त्याचं पीजी झालं, तर असोसिएशनची नोटीस मालकाच्या नावाने येते, आणि ती मालकापर्यंत पोचायला महिने लागतात. गेटच्या ॲपमधली रोजच्या पाहुण्यांची यादी इथेही उपयोगी पडते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून कर कापायचा असतो, आणि तो भारतातल्या मालकासाठी असलेल्या दोन टक्क्यांनी नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९५ होतं. कपात तीस टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, आणि भाडं कितीही कमी असलं तरी. भाडेकरूने त्यासाठी टॅन क्रमांक काढून दर तिमाहीला विवरण भरायचं असतं. न कापल्यास जबाबदारी भाडेकरूवर येते. मालक परदेशी आहे हे दलाल सांगत नाही, कारण सांगितलं तर अनेक भाडेकरू मागे हटतात. मग दोन वर्षांनी भाडेकरूला नोटीस येते.

यातून सुटायची वाट आहे. समजा भाडं महिना ४५,००० रुपये. भाडेकरू १४,०४० रुपये कापून ३०,९६० रुपये पाठवणार. वर्षभरात १,६८,४८० रुपये करखात्याकडे जाणार. आता मालकाचा खरा कर पाहा. वर्षाचं भाडं ५,४०,००० रुपये. त्यातून तीस टक्के सरसकट वजावट गेली की उरले ३,७८,००० रुपये. घरपट्टी मालकाने भरली असेल तर तीही वजा होते. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे भारतात दुसरं उत्पन्न नसेल तर या मालकाचा कर शून्य, आणि तरी पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम वर्ष संपून विवरण भरेपर्यंत अडकते. अशा मालकाने आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आयकर खात्याकडे कमी किंवा शून्य दराच्या कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा आणि ते भाडेकरूच्या हातात द्यावं. हे प्रमाणपत्र एका वर्षापुरतं असतं, दर वर्षी नवं घ्यावं लागतं. काळजीवाहक नेमताना ‘या कामात तुमचा सीए मदत करतो का’ हा प्रश्न झाडू किती वेळा मारणार यापेक्षा जास्त किमतीचा आहे.

सहीचं काय? भाडेकरार, असोसिएशनची सभा, महापालिकेचा अर्ज, यांसाठी कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते देताना कामं नावानिशी लिहावीत: भाडेकरार करणं, सभेत मत देणं, घरपट्टीचा अर्ज सादर करणं. विक्री, गहाण, बक्षीसपत्र आणि पैसे स्वीकारणं यांना स्पष्ट मनाई लिहावी, आणि मुदत वर्षाची ठेवावी. मुखत्यारपत्रावरून केलेल्या ‘विक्री’ने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं. तरी असा कागद फिरला की निस्तरायला वर्षं जातात. परदेशात सही केलेलं मुखत्यारपत्र दूतावासात साक्षांकित करून किंवा ॲपोस्टिल करून आणावं लागतं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. ही तीन महिन्यांची अट अनेकांना नंतर कळते. शिवाय वर्षातून दोनदा कावेरी पोर्टलवरून बोजा प्रमाणपत्र काढावं. घरावर काहीही नोंद झाली असेल तर ती त्यात दिसते, आणि त्यासाठी कुणावर भरवसा ठेवावा लागत नाही.

राहिला मेहनतान्याचा प्रश्न. बाजारात भाड्याच्या पाच ते दहा टक्के मागितले जातात, बंद घरासाठी ठरावीक रक्कम. टक्केवारीत दोन दोष आहेत. ४५,००० भाड्याच्या घराला आठ टक्के म्हणजे ३,६०० रुपये, पण त्याच संकुलातल्या ३०,००० च्या घराला तितक्याच कामाचे २,४०० का? दुसरं, नवा भाडेकरू आणला की पंधरा दिवसांचं किंवा महिन्याचं भाडं वेगळं घेतलं जातं. म्हणजे भाडेकरू टिकला तर काळजीवाहकाचं नुकसान आणि दर अकरा महिन्यांनी बदलला तर फायदा. चांगल्या कुटुंबाला टिकवायला त्याने धडपड कशाला करावी?

खालून वर हिशेब केला तर रास्त आकडा दिसू लागतो. बंद घराची एक भेट धरू. मदतनीस बाईचे दोन तासांचे ४५० रुपये. देखरेख करणाऱ्याचे, व्हाइटफील्डच्या वाहतुकीसह तीन तासांचे ६००. येण्याजाण्याचे २००. एकूण साडेबाराशे. महिन्यात दोन भेटी म्हणजे २,५००, आणि बिलं पाहणं, व्हिडिओ-अहवाल पाठवणं, फोन यांचे ५००. तीन हजार झाले. कंपनी जीएसटी नोंदणीकृत असेल तर अठरा टक्के धरून ३,५४०. ग्राहक परदेशी असला तरी हा जीएसटी टळत नाही, कारण सेवा भारतातल्या स्थावर मालमत्तेची आहे. ‘निर्यात सेवा आहे, कर नाही’ असं सांगणारा एकतर अजाण आहे किंवा बिल देणार नाही. तीच कामं संकुलातच राहणारा निवृत्त शेजारी करत असेल तर प्रवास वजा होतो आणि दोन-सव्वादोन हजारांच्या आसपास ते नीट बसतं. उलट, महिन्याला ९९९ रुपयांत दोन भेटी देऊ म्हणणाऱ्याचं गणित बसत नाही. एकतर एक भेट गाळली जाते, किंवा पैसे दुरुस्तीच्या बिलांत भरून काढले जातात.

भाड्याने दिलेल्या घराला तीन महिन्यांतून एक भेट आणि मधल्या काळात प्लंबर-इलेक्ट्रिशियनची व्यवस्था एवढंच काम उरतं. याच हिशेबाने ते महिना १,२०० ते २,००० रुपयांत होतं. भाडेकरू शोधण्याचा मोबदला वेगळा द्यावा, पण तो सहा महिन्यांच्या आत गेला तर दुसरा शोध अर्ध्या दरात, अशी अट घालावी. नव्या कराराऐवजी जुन्याच भाडेकरूचं नूतनीकरण झालं तर त्याचीही छोटी रक्कम ठेवावी, म्हणजे टिकवण्यातही काळजीवाहकाला काही मिळेल. दुरुस्तीसाठी दोन हजारांपर्यंत न विचारता खर्च करायची मुभा द्यावी, कारण दुपारी फुटलेला पाइप अमेरिकेत उजाडायची वाट पाहत नाही. त्यापुढचं प्रत्येक काम दोन दरपत्रकांवर ठरवावं. त्यावर देखरेखीची टक्केवारी घेतली जाणार असेल तर ती उघड लिहावी.

एक हिशेब मालकांच्या लक्षात येत नाही. काळजीवाहकाला दिलेले पैसे आणि दुरुस्त्या भाड्याच्या उत्पन्नातून वेगळे वजा होत नाहीत. ती तीस टक्क्यांची सरसकट वजावट यासाठीच आहे. वर्षाला ४०,००० खर्च झाले काय आणि १,२०,००० झाले काय, वजावट तेवढीच. त्यामुळे ‘कर वाचेल’ म्हणून महाग सेवा घेण्यात अर्थ नाही.

कराराच्या शेवटी बाहेर पडण्याचं कलम हवं: एक महिन्याची सूचना, किल्ल्यांच्या सर्व प्रती परत, गेटच्या ॲपवरून नाव काढणं, मुखत्यारपत्र रद्द झाल्याची लेखी पोच, आणि मदतनीस बाईला दिलेली तिसरी किल्ली कुठे आहे याची नोंद. ही नोंद नसेल तर जुन्या काळजीवाहकाला रजा देताना दाराच्या कुलपाचं सिलिंडरच बदलून घ्यावं. तो खर्च बहुधा एका भेटीच्या खर्चापेक्षा जास्त नसतो.